लेबल चालत्या गाडीला चिकटून राहावं म्हणून आम्हाला क्लिप कशी पाठवायची

ट्रॅक्टरच्या डेमोचे, बैलगाडा शर्यतीचे, नवीन मशिनरीचे व्हिडिओ आमच्याकडं येतात आणि सगळ्यांचं मागणं एकच असतं, गाडी जशी पुढं जाईल तसं तिच्यावरचं नाव, एचपी किंवा नंबर तिच्यासोबत सरकला पाहिजे. हे काम आम्ही आवडीनं करतो. पण बहुतेक वेळा सुरुवातीलाच व्हॉट्सॲपवर क्लिप येते आणि खाली लिहिलेलं असतं, "सध्या यावर चालू करा, ओरिजिनल नंतर देतो." तुमचा हेतू वेळ वाचवायचा असतो हे आम्हाला कळतं, पण नेमकं इथंच काम दुप्पट होतं. ते का होतं ते इथं नीट सांगतो.

आधी ट्रॅकिंग म्हणजे काय होतं ते बघू. समजा लाल ट्रॅक्टर शेतात डावीकडून उजवीकडं चाललाय आणि बॉनेटवर "४५ एचपी" हवंय. आफ्टर इफेक्ट्समधे आम्ही ट्रॅक्टरवरचा एक छोटा तुकडा निवडतो, बहुतेक वेळा हेडलाइटचा कोपरा, आणि त्याच्याभोवती एक चौकट लावतो. सॉफ्टवेअर त्या चौकटीतलं चित्र लक्षात ठेवतं आणि पुढच्या फ्रेममधे आजूबाजूला थोड्या अंतरात तसंच चित्र कुठं दिसतंय ते शोधतं, मग त्याच्या पुढच्या फ्रेममधे, असं शेवटपर्यंत. त्याला ट्रॅक्टर कळत नाही, फक्त पिक्सेलची ती नक्षी कळते. ट्रॅक्टर ८ सेकंदात १९२० पिक्सेलची पूर्ण स्क्रीन पार करत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम धरून २०० फ्रेम झाल्या, म्हणजे दर फ्रेमला साधारण १० पिक्सेलची हालचाल, आणि प्रत्येक फ्रेमला तो कोपरा बरोबर सापडला पाहिजे.

आता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की क्लिप दाबली जाते. दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममधे फक्त आधीपेक्षा काय बदललं तेवढं. फाईल लहान करायची म्हणून बारीक बदल गाळले जातात, हेडलाइटच्या कडा पुसट होऊन चौकोनी ठिपके पडतात, आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की त्या कडा एकदम परत उमटतात. डोळ्याला हे जाणवत नाही पण ट्रॅकरला वाटतं कोपरा हलला. मग लेबल सतत थरथरतं आणि ठराविक अंतरानं एक झटका मारतं. तो झटका दिसला की समजायचं क्लिप दाबलेली आहे. तुम्ही स्वतःही तपासू शकता, व्हिडिओ पॉज करा, बॉनेटवर झूम करा, चौकोन दिसले तर ती फाईल पाठवू नका. "थोडं स्मूद करून टाका की" असं बरेचजण सुचवतात, ते करता येतं, पण जास्त स्मूद केलं की लेबल ट्रॅक्टरला चिकटलेलं न वाटता त्याच्यावर तरंगतंय असं वाटायला लागतं आणि ते थरथरण्यापेक्षा वाईट दिसतं.

बरं, मग नंतर ओरिजिनल येते तेव्हा तेच ट्रॅकिंग तिच्यावर का बसवत नाही, हा प्रश्न हमखास येतो. समजा पाठवताना सुरुवातीचा अर्धा सेकंद कापला गेला होता, म्हणजे साधारण १२ फ्रेम. दर फ्रेमला १० पिक्सेल धरले तर लेबल ट्रॅक्टरच्या १२० पिक्सेल पुढं पळतं, बॉनेट सोडून मोकळ्या रानात. तेवढंच असतं तर सगळं ट्रॅकिंग १२ फ्रेम उशिरा सरकवून भागलं असतं. पण फोनच्या व्हिडिओत बऱ्याचदा दोन फ्रेममधलं अंतर सारखं नसतं, आणि दाबताना ते पुन्हा बदलू शकतं, त्यामुळं सुरुवातीला बरोबर बसलेलं लेबल शेवटी घसरलेलं असतं. वर दाबलेली क्लिप समजा ८४८ पिक्सेल रुंद होती तर तिच्यातली एका पिक्सेलची चूक १९२० च्या क्लिपवर सव्वादोन पिक्सेलची होते. म्हणून ओरिजिनल आली की आम्ही पहिल्यापासून ट्रॅक करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो, ते काम खरंच दुसऱ्यांदा केलेलं असतं.

याउलट लेबलवरचा मजकूर बदलायचा असेल, एचपी चुकलं, नावात वेलांटी राहिली, रंग आवडला नाही, तर त्याचे पैसे आम्ही घेत नाही. ट्रॅकिंग आम्ही मजकुरावर न ठेवता एका रिकाम्या लेयरवर ठेवतो, ज्याला नल म्हणतात, आणि मजकूर त्याला जोडतो. त्यामुळं मजकूर कितीदाही बदला, हालचाल तीच राहते.

स्लो मोशन, फिल्टर आणि झूम पण आधी करून पाठवू नका. स्लो करताना काही ॲप दोन फ्रेम एकमेकीत मिसळून मधली फ्रेम बनवतात, तिच्यात हेडलाइटच्या दोन पुसट कडा दिसतात आणि ट्रॅकर कधी एक पकडतो कधी दुसरी. तेच स्लो मोशन आम्ही ट्रॅकिंग झाल्यावर लेबलसकट करून देतो.

शूटिंग अजून व्हायचं असेल तर आधी एक फोन करा, याचे पैसे नाहीत आणि बराच त्रास वाचतो. कोरं चकचकीत बॉनेट असलं की पकडायला काहीच नसतं, त्यावरची उन्हाची चमक पकडावी तर ट्रॅक्टर पुढं जाईल तशी ती बॉनेटवरच सरकते. चाक फिरतं म्हणून ते उपयोगाचं नाही, आणि बॉनेटची लांब सरळ कड पण नाही, कारण त्या कडेवर सगळीकडं चित्र सारखंच असतं, ट्रॅकर तिच्यावरून घसरत जातो. कोपरा पाहिजे, दोन दिशांनी ओळखू येणारा. कंपनीचा स्टिकर, नंबर प्लेट, हेडलाइट यातलं काहीतरी पूर्ण वेळ दिसेल असं शूट करा आणि अंधार पडायच्या आत करा, कमी उजेडात फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि चालती गाडी फराटा होऊन येते.

मधे झाड किंवा माणूस आडवा आला तर ट्रॅकर झाडालाच चिकटून बसतो. तिथं आम्ही थांबवतो, झाडामागच्या फ्रेम हातानं जुळवतो आणि पलीकडून पुन्हा चालू करतो. ट्रॅक्टर वळला आणि हेडलाइट दिसेनासा झाला तर दुसरा कोपरा धरावा लागतो, लेबल मात्र आहे तिथंच ठेवून. ट्रॅक्टर सरळ कॅमेऱ्याकडं येत असेल तर लेबल मोठं व्हायला हवं म्हणून दोन कोपरे एकदम ट्रॅक करतो. म्हणून आमचा रेट क्लिपच्या लांबीवर नाही, अशा अडचणी किती आहेत त्यावर असतो, आणि क्लिप बघून तो आधीच सांगतो.

पाठवताना फोनमधली मूळ फाईल गुगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा, २ जीबीपर्यंतची फाईल न दाबता जाते. सोबत कुठल्या सेकंदाला लेबल यावं आणि कुठल्या सेकंदाला जावं ते लिहा, आणि लेबलचा मजकूर युनिकोड मराठीत टाईप करून मेसेजमधे द्या, जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आमच्याकडं उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसतात आणि मग तुमच्या गाडीचं नाव अंदाजानं टाईप करायची वेळ येते.