ॲडेनोमायोसिस आणि फायब्रॉइड : निदानभेद

गर्भाशयाच्या स्नायुभिंतीचे हे दोन सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेले विकार आहेत. दोन्हींत पाळीचा रक्तस्राव वाढतो आणि गर्भाशय मोठे होते. ॲडेनोमायोसिसमध्ये पाळीच्या वेदना अधिक ठळक असतात, पण तेवढ्यावरून निदान करता येत नाही. शिवाय दोन्ही विकार एकाच गर्भाशयात अनेकदा सापडतात.

फायब्रॉइड ही स्नायुपेशींची गाठ आहे. ती एका पेशीपासून वाढते आणि वाढताना भोवतालचा स्नायू बाजूला रेटते. दबलेल्या स्नायूचे तिच्याभोवती आवरण तयार होते. ॲडेनोमायोसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथी व त्यांभोवतीची ऊती स्नायूत शिरते आणि आजूबाजूचा स्नायू जाड होतो. त्यामुळे त्याला कड नसते.

ही ऊती स्नायूत कशी पोहोचते याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार अस्तराचा तळाचा थर स्नायूच्या सीमेवरील इजेतून खाली उतरतो. दुसऱ्या मतानुसार भ्रूणावस्थेतील उरलेल्या पेशी स्नायूतच रूपांतर पावतात. स्त्रीरोगतज्ज्ञ टॉमस कलन यांनी 1908 मध्ये अनेक नमुन्यांत स्नायूतील ग्रंथी अस्तराशी सलग असल्याचे दाखवले. पहिले मत त्याच्याशी अधिक जुळते. मात्र अस्तरापासून दूर, बाह्य भिंतीत असलेले ॲडेनोमायोसिस त्यातून नीट उलगडत नाही. विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी 1860 मध्ये केलेले वर्णन याच विकाराचे होते का, हाही वाद आहे.

तपासणीची सुरुवात योनिमार्गे सोनोग्राफीने होते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत भिंतीचा बारीक पोत दिसत नाही, आणि ‘गर्भाशय मोठे, बहुधा फायब्रॉइड’ असा अहवाल बहुतेकदा तिथूनच येतो. फायब्रॉइडला गोलसर, स्पष्ट कड असते. तिच्या दोन्ही कडांपासून सावल्या पडतात आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर तपासणीत रक्तवाहिन्या गाठीला वळसा घालतात. ॲडेनोमायोसिसमध्ये भिंत एका बाजूला जाड होते, पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक सावल्या दिसतात आणि रक्तवाहिन्या जाड भागातून सरळ आरपार जातात. स्नायूतील छोट्या पोकळ्या, पांढरट ठिपके आणि अस्तरापासून स्नायूत शिरणाऱ्या रेषा ही थेट लक्षणे मानली जातात, कारण ती प्रत्यक्ष शिरलेली ऊती दाखवतात. बाकीची लक्षणे अप्रत्यक्ष असतात.

शंका उरली, फायब्रॉइड बरेच असले किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असली, की एमआरआय करतात. एमआरआयच्या टी-2 प्रकारच्या प्रतिमेत अस्तराला लागून काळसर संधिपट्टा, म्हणजे स्नायूचा सर्वांत आतला थर, दिसतो. त्याची जाडी 12 मिमी किंवा अधिक असेल तर ॲडेनोमायोसिस संभवते. जाडी 8 ते 12 मिमीच्या दरम्यान असेल तर इतर लक्षणे पाहावी लागतात. पट्ट्यातील चमकदार ठिपके निदानाला बळ देतात. फायब्रॉइड बहुधा काळी, रेखीव गोल गाठ दिसते आणि गर्भाशयाची पोकळी बाजूला ढकलते. फसगत इथेही होते. गर्भाशयाचे क्षणिक आकुंचन हुबेहूब स्थानिक ॲडेनोमायोसिससारखे दिसते, पण ते काही मिनिटांत विरते. म्हणून त्या भागाची प्रतिमा पुन्हा घेतात. पाळीच्या दिवसांत पट्टा जाड भासतो आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे तो पुसट होऊ शकतो.

उदाहरणार्थ, मागच्या भिंतीत ‘5 सेंमीची फायब्रॉइड’ असा पोटावरील सोनोग्राफीचा अहवाल आहे. योनिमार्गे पाहता कड सापडत नाही, 3 मिमीच्या पोकळ्या दिसतात आणि रक्तवाहिन्या आरपार जातात. एमआरआयमध्ये मागची भिंत 30 मिमी आणि तिच्यातील संधिपट्टा 17 मिमी भरतो, म्हणजे निम्म्याहून अधिक. हे प्रमाण 40 टक्क्यांपुढे गेले की ॲडेनोमायोसिसकडे कल जातो. ही ‘गाठ’ काढायला शस्त्रक्रिया केली, तर आवरणच नसल्याने ती सोलून निघत नाही. रक्तस्राव वाढतो, निरोगी स्नायू कापला जातो आणि रोगही मागे राहतो.

उपचार या फरकावरच ठरतात. पोकळीत आलेली फायब्रॉइड हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनिमार्गे गर्भाशयात दुर्बीण घालून, आणि भिंतीतील गाठ आवरणाच्या पातळीतून काढता येते. ॲडेनोमायोसिसमध्ये आधी संप्रेरकांचा आधार घेतात : 52 मिग्रॅ लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेले गर्भाशयात बसवायचे साधन किंवा रोज 2 मिग्रॅ डायनोजेस्ट. गर्भधारणा हवी असेल तर यांचा वापर थांबवावा लागतो आणि त्रास परतू शकतो. पोकळी फारच मोठी किंवा फायब्रॉइडमुळे वेडीवाकडी झालेली असेल तर साधन निसटू शकते. अस्तर जाळण्याची प्रक्रिया खोल ॲडेनोमायोसिसमध्ये अनेकदा अपयशी ठरते, कारण स्नायूतील ग्रंथींपर्यंत उष्णता पोहोचत नाही. रोगट भिंत कापून शिवण्याच्या शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत होतात; त्यांनंतरच्या गर्भारपणात शिवण उकलून गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. धमनीरोधनाचा, म्हणजे गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बंद करण्याचा, उपयोग दोन्हींत होतो, मात्र त्याचा अनुभव फायब्रॉइडबाबत अधिक आहे. अपत्यप्राप्तीची इच्छा नसलेल्या आणि इतर उपायांनी आराम न पडलेल्या रुग्णांत गर्भाशय काढणे हा ॲडेनोमायोसिसवरचा एकमेव कायमचा उपाय आहे.