डीसीएफमधलं सहावं वर्ष: टर्मिनल व्हॅल्यू आणि डिस्काउंट रेटबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

प्रकल्प अहवालात किंवा गुंतवणूकदाराला दाखवायच्या प्लॅनमध्ये मूल्यांकनाचं पान जोडायचं असलं, की बहुतेक ग्राहक पाच वर्षांचे आकडे स्वतःच एक्सेलमध्ये मांडून आणतात. त्याने आमचं अर्धं काम हलकं होतं. त्यानंतर मात्र दोन प्रश्न नेहमी येतात. 'आमच्या शीटमध्ये धंद्याची किंमत वीस-बावीस कोटी येते, तुमच्याकडे ती पाच-सहा कोटींवर कशी आली?' आणि 'बँक आम्हाला ११ टक्क्यांनी कर्ज देते, मग तुम्ही १६ टक्के का लावता?' दर वेळी फोनवर समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

भविष्यातली रोकड एका ठरावीक दराने, म्हणजे डिस्काउंट रेटने, आजच्या किमतीत आणायची हे डीसीएफचं तत्त्व तुम्हाला माहीत आहे असं धरतो. पाच वर्षं आपण एकेक करून मोजतो. त्यापुढचा सगळा काळ एकाच आकड्यात बसवतो, तो आकडा म्हणजे टर्मिनल व्हॅल्यू. छोट्या उद्योगाच्या मूल्यांकनात दोन तृतीयांश ते नऊ दशांश किंमत या एका आकड्यातून येते. चुकीला सगळ्यात जास्त वाव तिथेच असतो, आणि आमच्या फेऱ्याही तिथेच वाढतात.

एक उदाहरण घेऊ. युनिट काल्पनिक आहे, पण आकड्यांची ठेवण आमच्याकडे येणाऱ्या शीटसारखीच आहे. भोसरीतलं एक सीएनसी मशिनिंगचं युनिट समजा. पहिल्या वर्षी नवीन मशिनं घेतली. पाचव्या वर्षी ती पूर्ण क्षमतेने चालतात आणि विक्री १० कोटींवर पोहोचते. ईबिटडा २ कोटी, घसारा ५० लाख, म्हणजे व्याज आणि कराआधीचा नफा दीड कोटी. २५.१७ टक्के कर गेल्यावर साधारण १ कोटी १२ लाख उरतात. घसाऱ्यात रोकड जात नाही, म्हणून ५० लाख परत मिळवले की १ कोटी ६२ लाख होतात. त्या वर्षी नवीन मशिन घेतलेलं नाही. विक्री क्षमतेला टेकून स्थिरावली आहे, म्हणून खेळतं भांडवलही वाढलेलं नाही. त्यामुळे पाचव्या वर्षाची मोकळी रोकड १ कोटी ६२ लाख. इथपर्यंत शीट बरोबर आहे.

पुढच्या ओळीत ग्राहक हेच १ कोटी ६२ लाख उचलतात, दरवर्षी ६ टक्के वाढ धरतात आणि बँकेचा ११ टक्के दर लावतात. १.६२ ला १.०६ ने गुणून ५ टक्क्यांनी भागलं की टर्मिनल व्हॅल्यू ३४ कोटी ३४ लाख येते. ती आजच्या किमतीत २० कोटी ३८ लाख होते. पहिल्या पाच वर्षांच्या रोकडीची आजची किंमत २ कोटी ३० लाख धरा. एकूण झाली जवळपास २२ कोटी ७० लाख, आणि त्यातला ९० टक्के भाग पाच वर्षांनंतरचा.

आता या ओळीचा अर्थ काय होतो ते पाहा. मशिनं पूर्ण क्षमतेने चालू आहेत, नवीन मशिन कधीच घ्यायचं नाही, जुनं कधीच बदलायचं नाही, उधारी आणि स्टॉक एक रुपयानेही वाढवायचा नाही, तरीही विक्री दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत राहणार, तीही कायमची. कारखान्यात उभं राहून कोणी हे मान्य करणार नाही, पण शीटमध्ये आपण ते नकळत मान्य करून बसतो. आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ती हीच. पाचवं वर्ष खरं असतं, पण ते कायम टिकणारं वर्ष नसतं.

'वाढ नगांची नाही, फक्त भावाची धरली आहे', असं काही जण सांगतात. म्हणणं रास्त आहे. पण भाव वाढले की स्टीलचा स्टॉक महाग होतो आणि येणी वाढतात, म्हणजे खेळतं भांडवल वाढतं. बारा वर्षांपूर्वी घेतलेलं मशिन बदलताना आजचा भाव मोजावा लागतो, घसारा मात्र जुन्या भावावर चालू असतो. म्हणून वाढणाऱ्या धंद्यात मशिनांवरचा खर्च घसाऱ्याइतका नव्हे, त्याहून थोडा जास्त धरावा लागतो.

म्हणून आम्ही पाचव्या वर्षापुढे सहावा रकाना घालतो आणि त्याला 'स्थिर वर्ष' म्हणतो. वरच्या युनिटमध्ये पाचव्या वर्षाअखेर मशिनं-शेड मिळून निव्वळ ४ कोटी आणि खेळतं भांडवल २ कोटी, असे ६ कोटी गुंतलेले आहेत. धंदा ५ टक्क्यांनी वाढायचा तर हे ६ कोटीही साधारण ५ टक्क्यांनी वाढायला हवेत, म्हणजे सहाव्या वर्षी ३० लाख नव्याने घालावे लागतील. सहाव्या वर्षीचा करपश्चात नफा १ कोटी १८ लाख. त्यातून हे ३० लाख गेले की ८८ लाख उरतात. मालकाला आणि बँकेला मिळून वाटता येण्याजोगी रोकड एवढीच.

शीटमध्ये सूत्र असं बसतं (`G12` म्हणजे स्थिर वर्षाची रोकड, `B3` डिस्काउंट रेट, `B4` वाढ):

```
=G12/(B3-B4)
```

सहाव्या वर्षाच्या आकड्यात वाढ आधीच आलेली असते. त्याला पुन्हा वाढीने गुणू नका. ही टर्मिनल व्हॅल्यू पाचव्या वर्षाअखेरची असते, म्हणून ती आजच्या किमतीत आणताना पाचच वर्षांची सूट लावा.

दर ११ आणि वाढ ६ तशीच ठेवून फक्त रोकड अशी दुरुस्त केली, म्हणजे ६ टक्के वाढीसाठी सहाव्या वर्षी ३६ लाख घातले, तरी २० कोटींचे पावणेदहा-दहा कोटी होतात. म्हणजे दराला हात लावण्याआधीच निम्मी किंमत जाते, आणि ती आम्ही कापलेली नसते. ती मुळात नव्हतीच.

आता दर. बँक ११ टक्क्यांनी देते ते तिच्याकडे मशिनं तारण असतात, बहुधा घर किंवा गाळाही असतो आणि तुमची वैयक्तिक हमी असते म्हणून. हप्ता आधी तिचा, मग उरलं तर तुमचा. मोठा ग्राहक तुटला तर आधी मालकाचा पैसा बुडतो. सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाने सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बँकेइतकाच परतावा मागायचा, हे गणित कोणताही जाणता गुंतवणूकदार मान्य करत नाही.

म्हणून आम्ही दर टप्प्याने बांधतो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर ७ टक्के धरले. शेअरच्या जोखमीसाठी आणखी ७ टक्के. युनिट लहान आहे, विक्री दोन-तीन ग्राहकांवर टेकलेली आहे आणि हिस्सा विकायचा तर चटकन गिऱ्हाईक मिळत नाही, त्यासाठी ६ टक्के. मालकाच्या भांडवलाचा दर झाला २० टक्के. शेवटचे ६ टक्के कोणत्याही तक्त्यातून येत नाहीत, तो आमचा अंदाज असतो. तो का धरला हे अहवालात एकेका कारणासह लिहिलेलं असतं, त्यामुळे तुम्ही त्यावर वाद घालू शकता. कर्जाचे ११ टक्के व्याजावरची करसवलत वजा जाता ८.२ टक्क्यांना पडतात. भांडवलात ३५ टक्के कर्ज आणि ६५ टक्के स्वतःचा पैसा धरला, तर सरासरी जवळपास १६ टक्के येते.

या दराने आणि ५ टक्के वाढीने टर्मिनल व्हॅल्यू जवळपास ८ कोटी, आजच्या किमतीत ३ कोटी ८० लाख. पाच वर्षांच्या रोकडीची किंमतही १६ टक्क्यांनी १ कोटी ९० लाखांवर येते. एकूण ५ कोटी ७० लाख. ही किंमत पूर्ण धंद्याची आहे. मालकांचा हिस्सा काढताना आजचं शिल्लक कर्ज त्यातून वजा करायचं असतं, आणि तेही बऱ्याच शीटमध्ये राहून जातं.

चूक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे टर्मिनल व्हॅल्यूला पाचव्या वर्षाच्या ईबिटडाने भागणं. ग्राहकाच्या शीटमध्ये ३४ कोटींना २ कोटींनी भागलं की सतरा पट येते, आमच्याकडे चार पट. चालू मशिन शॉप ईबिटडाच्या सतरा पटीला विकत घेणारा तुमच्या ओळखीत आहे का, हे तुम्हीच सांगा. चार पट कमी वाटत असेल तर त्यावर जरूर बोलू, पण चर्चा चार, पाच की सहा या पट्ट्यात होईल.

वाढीच्या टक्क्यावर फार ताणाताणी होते, म्हणून तेही करून दाखवतो. ग्राहकाच्या पद्धतीत वाढ ४ वरून ६ टक्के केली की टर्मिनल व्हॅल्यूची आजची किंमत सव्वाचौदा कोटींवरून वीस कोटींच्या वर जाते. आमच्या पद्धतीत, १६ टक्के दरावर, तोच बदल ३ कोटी ६७ लाखांवरून ३ कोटी ९४ लाखांपर्यंतच नेतो. कारण जास्त वाढ मागितली की तिच्यासाठी जास्त पैसा घालावा लागतो. गुंतवलेल्या पैशावर हे युनिट साडेअठरा टक्क्यांच्या आसपास कमावतं आणि त्या पैशाची किंमत १६ टक्के आहे. एवढ्याशा फरकावर वाढ फारशी किंमत निर्माण करत नाही. गुंतवलेल्या पैशावरची कमाई १६ टक्क्यांच्या बरीच खाली असती, तर वाढीने किंमत घटली असती. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, म्हणून कायमच्या वाढीसाठी आम्ही ४ ते ५ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. सरकारी रोख्याच्या दराच्या वर तर कधीच नाही.

किंमत खरोखर वाढवायची असेल तर ती दोन-तीन जागी दडलेली असते: येणी ९० दिवसांवरून ६० वर आणणं, ग्राहकांची संख्या वाढवणं, तिसरी पाळी चालवणं. येणी आटली की गुंतलेला पैसा कमी होतो, ग्राहक वाढले की वरच्या ६ टक्क्यांतला एखादा टक्का आम्ही स्वतःहून कमी करतो. अशा बदलांचा परिणाम आम्ही वेगळ्या तक्त्यात दाखवतो. गुंतवणूकदारासमोर बसल्यावर तुमच्या उपयोगी तोच तक्ता पडतो.

पहिल्याच भेटीत आम्ही मशिनांची यादी मागतो, खरेदीचं वर्ष आणि आजच्या बदलीच्या किमतीसह. 'मूल्यांकनाला मशिनांची यादी कशाला?' असं विचारत काही जण वैतागतात. स्थिर वर्षाचा रकाना त्या यादीशिवाय भरता येत नाही, आणि ती उशिरा आली की सगळं गणित पुन्हा करावं लागतं. यादीबरोबर येणी-देणी-स्टॉकचे तीन वर्षांचे आकडे, कर्जाची मंजुरीपत्रं आणि पहिल्या पाच ग्राहकांचा विक्रीतला वाटा आणा.

प्लॅनमधलं हे मूल्यांकन वाटाघाटीसाठी असतं. नवीन भागधारकाला शेअर द्यायचे असतील तर कंपनी कायदा, २०१३ खाली नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल वेगळा लागतो. आमचं शीट सूत्रांसकट मोकळं असतं, कुलूप लावलेलं नसतं, त्यामुळे मूल्यांककाला किंवा तुमच्या सीएला ते जसंच्या तसं देता येतं. तुमचं स्वतःचं शीट तयार असेल तर आधी फक्त ते पाठवा. सहावा रकाना आहे की नाही आणि पट किती येते, एवढं पाहून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.