१४५ रुपयांचं बिल आणि शेवटची चार अक्षरं

ठाण्यात नौपाड्यातल्या एका मिसळीच्या हॉटेलासाठी मी बिलाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. प्रत्येक बिलाखाली त्या रकमेचा क्यूआर छापला जायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला आकडा टाइप करावा लागू नये. पहिल्याच दिवशी गल्ल्यावरून फोन आला, "दादा, काही बिलांचा कोड चालतच नाहीये." चाळीस रुपयांच्या चहाचं बिल अडत होतं आणि १,१४५ रुपयांचं घरगुती पार्टीचंही. मधली सगळी चालत होती.

कारण कोडच्या आतल्या मजकुरात होतं. २०१७ साली सुरू झालेल्या भारत क्यूआरमधला मजकूर ईएमव्हीको या संस्थेच्या मांडणीत असतो. १४५ रुपयांच्या बिलातला त्याचा मधला तुकडा असा दिसतो:

```
5204581253033565406145.005802IN5912MISAL CENTRE6005THANE
```

यात कुठेही स्वल्पविराम नाही, मोकळी जागा आहे ती फक्त नावात. तरी तो नेमका वाचता येतो, कारण प्रत्येक माहितीआधी दोन-दोन अंकांच्या दोन पाट्या असतात: ही माहिती कशाची, आणि ती किती अक्षरांची. `52` म्हणजे धंद्याचा प्रकार, `04` म्हणजे पुढची चार अक्षरं, आणि `5812` हा खानावळी-हॉटेलांचा क्रमांक. मग `53`, तीन अक्षरं, `356`: भारतीय रुपयाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. `54`, सहा अक्षरं, `145.00`: रक्कम. दशांशबिंदूही अक्षर म्हणून मोजला जातो. त्यानंतर देश, दुकानाचं नाव आणि शहर. `MISAL CENTRE` ची बारा अक्षरं मधली मोकळी जागा धरून होतात.

अक्षरं मोजून ठेवायची ही पद्धत मला फार आवडते. स्वल्पविरामाने तुकडे पाडले असते, तर नावात स्वल्पविराम असलेल्या दुकानाची पंचाईत झाली असती. इथे नावात काहीही असो, मोजणी बरोबर असली की झालं.

माझी मोजणीच चुकली होती. रकमेची लांबी मी कायमची `06` लिहून ठेवली होती, म्हणून १०० ते ९९९ रुपयांचीच बिलं चालत होती. `1145.00` मध्ये सात अक्षरं आहेत. वाचणारं अ‍ॅप सहा उचलायचं, म्हणजे `1145.0`, आणि उरलेलं शून्य पुढच्या पाटीला चिकटायचं. `5802IN` च्या जागी त्याला दिसायचं `05802IN`: माहिती क्रमांक `05`, लांबी ८० अक्षरं. एवढी अक्षरं पुढे नसतातच, म्हणून ते कोड नाकारायचं.

मला चकवलं ते शेवटच्या चार अक्षरांनी. मजकूर संपतो `6304` ने आणि त्यापुढे चार अक्षरांची तपासणी-संख्या असते, सीआरसी. ती माझ्या बिघडलेल्या कोडमध्येही अगदी बरोबर होती. सीआरसी एवढंच सांगते, की मजकूर तयार झाला तेव्हा होता तसाच आहे. मुळातच चुकीचा लिहिलेला मजकूर तिला कळत नाही.

मग तिचा उपयोग काय? समजा, अंकांची नुसती बेरीज ठेवली असती. `145.00` चं कुठेतरी `154.00` झालं, तर बेरीज तीच राहते आणि चूक निसटते. सीआरसी संपूर्ण मजकूर हा एकच प्रचंड द्विमान आकडा मानते, त्याला ठरलेल्या भाजकाने एका खास पद्धतीने भागते आणि १६ बिटांची बाकी ठेवते. त्यामुळे अक्षर कोणतं आहे याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व येतं. सोयीसाठी फक्त रकमेच्या तुकड्यावर ही आकडेमोड मी हाताने केली:

```
5406145.00  ->  8922
5406154.00  ->  55C7
```

खऱ्या कोडमध्ये ती सुरुवातीच्या अक्षरापासून शेवटच्या `6304` पर्यंत, तेही धरून, केली जाते. शेजारच्या दोन अक्षरांपुरती मर्यादित असलेली कोणतीही चूक, अदलाबदल धरून, हिच्या तावडीतून सुटत नाही. मोठी, विस्कळीत चूक योगायोगाने निसटण्याची शक्यता साधारण ६५,५३६ मध्ये एक.

तेलाचा डाग किंवा सुरकुती पडली तर ती दुरुस्ती वेगळी. ती क्यूआरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांतच बसवलेली असते. सीआरसी काहीच दुरुस्त करत नाही, फक्त बोट दाखवते. आणि तिच्यात कुठलंही गुपित नाही. भाजक सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे दुकानदाराच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवणाऱ्या भामट्याच्या कोडातही ती बरोबरच निघते. कोडमधलं `59` चं नावही त्याला हवं ते लिहिता येतं.

बऱ्याच दुकानांतल्या यूपीआयच्या कोडात तर ही मांडणी नसतेच. त्यात `upi://pay?` ने सुरू होणारा दुवा असतो, `am=145.00` आणि `cu=INR` असं सरळ लिहिलेलं, आणि शेवटी सीआरसी नाही.

माझी दुरुस्ती एका ओळीची होती: लांबी लिहून न ठेवता रकमेची अक्षरं मोजायची. त्यानंतर प्रत्येक नवा कोड मी स्वतःच वाचणाऱ्या बाजूने उलगडून पाहतो, पाट्यांप्रमाणे उड्या मारत. शेवटची उडी बरोबर `63` वर पडली आणि सीआरसीनंतर एकही अक्षर उरलं नाही, तरच तो कोड छपाईला जातो.