टेबल अर्धं रिकामं, तरी राइट नाकारलेले: हॉट पार्टिशनची पार्श्वभूमी

डेटा अनेक मशीनवर वाटायची जुनी, साधी युक्ती म्हणजे हॅशिंग. प्रत्येक नोंदीत एक पार्टिशन की असते, म्हणजे ती नोंद कुठे जाईल हे ठरवणारं मूल्य. तिचा हॅश, म्हणजे तिच्यावरून निघणारा एक आकडा, काढायचा आणि तो ज्या पट्ट्यात पडेल त्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डेटाच्या त्या तुकड्यात, नोंद ठेवायची. हॅशमुळे वेगवेगळ्या की छान विखुरतात. पण एकाच कीवर गर्दी झाली तर ती सगळी गर्दी एकाच जागी जाते, आणि तिथे हॅश काहीही करू शकत नाही.

२०१२ च्या जानेवारीत आलेल्या ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसने यावर हिशेबाची आणखी एक गोष्ट चढवली. ग्राहकाने टेबलासाठी सेकंदाला किती रीड आणि किती राइट हवेत ते सांगायचं. एका पार्टिशनची कमाल मर्यादा ३,००० रीड युनिट, १,००० राइट युनिट आणि सुमारे १० जीबी डेटा. मागणीवरून पार्टिशनची संख्या ठरे आणि घेतलेली क्षमता त्यांच्यात समान वाटली जाई. या ‘समान’ शब्दातच सगळी गोम होती.

समजा, टेबलाला ३,००० रीड आणि ३,००० राइट दिले. रीडसाठी एक, राइटसाठी तीन, अशी चार पार्टिशन झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला ७५० राइट आले. आता पार्टिशन की म्हणून तारीख ठेवली आहे आणि आजच्या तारखेवर सेकंदाला एक केबीच्या आतल्या १,२०० नोंदी, म्हणजे तितकीच राइट युनिट, येत आहेत. ७५० लिहिल्या जातात, ४५० परत फिरतात आणि ॲपला `ProvisionedThroughputExceededException` मिळतं. बाकीची तीन पार्टिशन माश्या मारत बसलेली असतात.

साहजिकच माणूस क्षमता दुप्पट करतो. ६,००० आणि ६,००० ला आठ पार्टिशन होतात; प्रत्येकाला पुन्हा ७५०. बिल दुप्पट झालं, पण आजच्या तारखेला एकही जास्त राइट मिळाला नाही! कंटाळून क्षमता पुन्हा ३,००० वर आणली, तर आणखी वाईट: फुटलेली पार्टिशन परत जोडली जात नसत, म्हणून वाटा थेट ३७५ वर येई.

वापरात न आलेली पाच मिनिटांपर्यंतची क्षमता साठवून ठेवायची सोय होती, पण ती क्षणिक उसळीपुरती. खरा बदल २०१७ मध्ये ‘ॲडॅप्टिव्ह कपॅसिटी’ने झाला: गरम पार्टिशनला टेबलाच्या शिल्लक क्षमतेतून वाढीव वाटा मिळू लागला. २०१९ पासून तो लगेच मिळतो. तरी १,००० ची मर्यादा जागची हलली नाही. वरच्या उदाहरणात २०० नोंदी अजूनही परत फिरतातच. गरम पार्टिशन फोडणंही इथे कामाचं नाही, कारण सॉर्ट की, म्हणजे एकाच पार्टिशन कीखालच्या नोंदींचा क्रम ठरवणारी दुसरी की, वेळेप्रमाणे सतत वाढत असेल तर नवे राइट नेहमी शेवटच्याच तुकड्यात पडतात.

ओळखायचं कसं? नाकारलेल्या राइटचा आकडा `WriteThrottleEvents` वर जातोय, पण प्रत्यक्ष वापराचा आकडा `ConsumedWriteCapacityUnits` टेबलाच्या क्षमतेच्या बराच खाली आहे, असं दिसलं की संशय कीवर घ्यावा. नेमकी कोणती की, ते काँट्रिब्यूटर इनसाइट्स हे साधन दाखवतं. त्यावरचा उपाय कीलाच फोडण्याचा आहे:

```
2024-03-15#0 … 2024-03-15#9
```

प्रत्येक राइटला शून्य ते नऊमधला एखादा आकडा जोडला की १,२०० नोंदी दहा कींमध्ये साधारण १२०-१२० अशा विभागतात. किंमत वाचताना मोजावी लागते: एका दिवसाचा डेटा हवा असेल तर दहा क्वेरी करून निकाल ॲपमध्ये एकत्र करावा लागतो.