डॉलर खरंच वीस रुपयांवर परतेल का? वास्तविक विनिमय दर आणि त्याचं अर्धायुष्य

रुपया घसरल्याची बातमी आली की दोन दिवसांत एक मजकूर ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरू लागतो: ‘क्रयशक्तीच्या हिशेबाने डॉलरचा खरा भाव वीसच रुपये आहे. बाजाराने तो फुगवलाय, आज ना उद्या तो खाली येणारच.’ यातला वीसचा आकडा हवेतला नाही. जागतिक बँकेच्या किंमत-तुलना प्रकल्पानुसार २०१७ साली अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल आणि सेवा मिळत होत्या, तेवढ्या भारतात २०.६५ रुपयांत मिळत होत्या. त्या वर्षी बाजारातला डॉलर होता ६५.१२ रुपयांना. चूक आहे ती ‘खाली येणारच’ या शेवटच्या दोन शब्दांत.

याच प्रकल्पाचा २०११ चा आकडा शेजारी ठेवून पाहा. तेव्हा क्रयशक्तीचा दर १५.५५ होता आणि बाजारातला डॉलर ४६.६७ रुपयांना. भागाकार केला तर २०११ साली ३.०० येतात, २०१७ साली ३.१५. सहा वर्षांत डॉलर जवळपास ४० टक्क्यांनी महागला, पण हे गुणोत्तर फक्त पाच टक्क्यांनी हललं. बाकीची सगळी घसरण दोन देशांच्या महागाईतल्या फरकाने खाऊन टाकली. हे गुणोत्तर म्हणजेच वास्तविक विनिमय दर. तेवढ्याच पैशाला दोन्ही देशांत सारखाच माल मिळायला हवा, ही कल्पना म्हणजे क्रयशक्ती समानता. गुस्ताव कॅसल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात तिला हे नाव दिलं. आज ती कल्पना तपासायची म्हणजे हाच दर तपासायचा.

गुणोत्तर तीनच्या आसपास राहतं, एकवर का येत नाही? वाशीच्या मार्केटमध्ये विकला जाणारा कॅलिफोर्नियाचा बदाम बघा. तिकडच्या आणि इकडच्या भावात भाडं, आयात शुल्क आणि व्यापाऱ्याचा नफा यांपेक्षा जास्त फरक पडला की न्हावा-शेव्याला आणखी कंटेनर उतरतात आणि फरक मिटतो. नौपाड्यातल्या सलूनमधली कटिंग मात्र कंटेनरमध्ये भरून कॅलिफोर्नियाला पाठवता येत नाही. गरीब देशात मजुरी कमी, म्हणून अशा सेवा स्वस्त. हे कारण बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ साली वेगवेगळं मांडलं. त्यामुळे प्रश्न ‘दर एकवर येतो का’ असा नाही. ‘धक्का बसल्यावर तो स्वतःच्या जुन्या सरासरीकडे परततो का, आणि किती वेळात’ हा खरा प्रश्न आहे.

मोजणीला तीन मासिक मालिका लागतात: डॉलरचा रुपयातला सरासरी भाव, अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक आणि आपला. तिन्हींचे लॉग घ्यायचे आणि

```
q = ln(S) + ln(P_US) - ln(P_IN)
```

असं मांडायचं. q वाढला म्हणजे रुपया खऱ्या अर्थाने स्वस्त झाला. निर्देशांकांना स्वतःचं एकक नसतं, त्यामुळे q च्या पातळीला अर्थ नाही. अर्थ आहे तो तिच्या चढउताराला.

इथेच एक खड्डा आहे. आपला औद्योगिक कामगारांचा निर्देशांक ऑगस्ट २०२० मध्ये ३३८ होता आणि सप्टेंबरमध्ये ११८.१. महागाई कोसळली नव्हती, आधारवर्ष २००१ वरून २०१६ झालं होतं. नव्या आकड्याला २.८८ या जोड-गुणकाने गुणलं की ३४०.१ मिळतात आणि मालिका सलग होते. गुणायचं राहिलं तर q एका महिन्यात १.०५ ने उडी मारतो आणि पुढची प्रत्येक चाचणी त्या नकली उडीलाच खरा धक्का समजते. म्हणून चाचणीआधी q चा आलेख काढावा. अशी भिंत नुसत्या डोळ्यांना दिसते.

आता चाचणी. समजा यंदाचा दर सरासरीपासून जितका दूर आहे, त्याचा ρ इतका भाग पुढच्या वर्षी उरतो. ρ = ०.८६ धरला, तर २० टक्क्यांचा धक्का पुढच्या वर्षी १७.२ उरतो, मग १४.८, १२.७, १०.९ आणि पाचव्या वर्षी ९.४. निम्मं अंतर कापायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. किरणोत्सर्गी पदार्थाचं असतं तेच गणित:

```
h = ln(0.5) / ln(ρ) = 0.693 / 0.151 = 4.6 वर्षं
```

ρ बरोबर १ असला तर धक्का कधीच विरत नाही. दर जिथे ढकलला जाईल तिथून पुढे भटकू लागतो आणि परतण्यासाठी त्याला घरच नसतं. यालाच युनिट रूट म्हणतात. डिकी आणि फुलर यांची चाचणी ρ = १ हे गृहीत धरून सुरू होते आणि विचारते, आकडे हे गृहीतक मोडून काढण्याइतके बोलके आहेत का?

पायथनमध्ये `statsmodels.tsa.stattools` मधून `adfuller` आयात केलं की ही एका ओळीची गोष्ट आहे:

```python
adfuller(q, regression="c", autolag="AIC")
```

इथे `"c"` ठेवायचा, `"ct"` नाही. `"ct"` लिहिलं की सरळ चढत्या-उतरत्या रेषेभोवती परत येणंही चालतं. पण सरासरीच सतत सरकत असेल, तर ती कॅसलची समानता राहत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा निकाल वाचताना होतो. चाचणी एक टी-मूल्य देते: ρ मधून १ वजा करायचा आणि उत्तराला ρ च्या प्रमाण त्रुटीने भागायचं. एरवीच्या एकतर्फी टी-चाचणीत हे मूल्य -१.६५ च्या खाली गेलं की पाच टक्के पातळीवर गृहीतक नाकारतात. इथे मोठ्या नमुन्यातही -२.८६ च्या खाली जावं लागतं. कारण समजून घेण्यासारखं आहे. पूर्णपणे भटका दर घ्या आणि त्याचा तीस वर्षांचा तुकडा कापा. आपण सरासरी काढतो ती त्याच तुकड्यातून. ती आपोआप तुकड्याच्या मधोमध बसते, त्यामुळे भटका दरसुद्धा तिच्या वर जाऊन खाली येताना आणि खाली जाऊन वर येताना दिसतो. परतीचा हा भास आपणच निर्माण केलेला असतो. परत न येणाऱ्या दराचंही या चाचणीतलं सरासरी उत्तर शून्य येत नाही, सुमारे -१.५ येतं. -१.६५ ची पट्टी लावली तर जवळजवळ निम्म्या भटक्या मालिका ‘घरी परतल्या’ म्हणून पास होतील.

मग खरोखर परतणारा दर तरी पकडला जातो का? ढोबळ हिशेब करू. ρ ची प्रमाण त्रुटी साधारण √((१−ρ²)/T) असते, T म्हणजे वर्षं. ρ = ०.८६ साठी (१−ρ²) चं वर्गमूळ ०.५१. तीस वर्षांना √३० म्हणजे ५.४८, तेव्हा त्रुटी ०.०९३. टी-मूल्य −०.१४ ÷ ०.०९३, म्हणजे −१.५. भटक्या दराचं सरासरी उत्तरही हेच होतं! −२.८६ गाठायला याच सूत्राने सुमारे १०९ वर्षं लागतात. रुपयाचा दर बाजारावर सोडला गेला मार्च १९९३ मध्ये. त्याआधी तो सरकार ठरवत असे. जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तो सरकारी निर्णयाने. म्हणजे खऱ्या अर्थाने बाजारातल्या रुपयाचा इतिहास आपल्याकडे तीसेक वर्षांचाच आहे.

‘मासिक आकडे घ्या, तीस वर्षांचे ३६० होतील’ ही पळवाट बहुतेकांना सुचते. करून पाहा. मासिक ρ म्हणजे ०.८६ चं बारावं मूळ, ०.९८७५. ३६० महिन्यांसाठी त्रुटी ०.००८३, आणि ०.०१२५ ÷ ०.००८३ पुन्हा १.५ च. आकडे बारापट झाले, पण प्रत्येक महिन्यात परतीचा प्रवासही बाराव्या हिश्शाएवढाच होतो. अनेक वर्षं घेऊन परतणाऱ्या गोष्टीसाठी उपयोगी पडतो तो काळाचा पल्ला. तो किती बारीक कापला याला महत्त्व नाही.

म्हणून संशोधक मागे गेले. जेफ्री फ्रँकेल यांनी १८६९ ते १९८४ या काळातला डॉलर-पौंड दर घेतला आणि ρ ०.८६ मिळाला. वर वापरलेला आकडा तोच. जेम्स लोथियन आणि मार्क टेलर यांनी १९९६ साली दोन शतकांचे आकडे तपासले. डॉलर-पौंडाचं अर्धायुष्य सुमारे सहा वर्षं निघालं, फ्रँक-पौंडाचं तीनच्या आत. दोन्हीत युनिट रूट नाकारला गेला. त्याच वर्षी केनेथ रोगॉफ यांनी उपलब्ध अभ्यासांचं सार तीन ते पाच वर्षं असं सांगितलं आणि त्यातलं कोडं दाखवलं: वास्तविक दर महिन्यामहिन्याला इतका उसळतो की कारण पैशाच्या बाजारातलं वाटतं, पण तसं असेल तर किमती जुळवून घेतल्या की वर्षा-दोन वर्षांत धक्का विरायला हवा. लांब पल्ल्याची किंमतही मोजावी लागते. दोन शतकांत सुवर्णमान, महायुद्धं, बांधलेले दर आणि तरते दर असं सगळं एकाच ρ मध्ये कालवलं जातं.

रुपयाचं अर्धायुष्य अमुक इतकं, असा नुसता एक आकडा वाचनात आला तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सरासरीचा मघाचा भास इथेही काम करतो. छोट्या नमुन्यात ρ सुमारे (१+३ρ)/T ने कमी दिसतो. खरा ०.८६ असताना तीस वर्षांच्या आकड्यांतून तो सरासरी ०.७४ येईल, आणि ४.६ वर्षांचं अर्धायुष्य २.३ वर्षांचं भासेल. याच कारणाने टी-मूल्यही हिशेबातल्या −१.५ पेक्षा थोडं खाली, −२ च्या आसपास झुकतं. पण −२.८६ ला ते सहसा पोचत नाही. म्हणजे चाचणी म्हणते ‘परतीचा पुरावा नाही’ आणि त्याच आकड्यांतून काढलेलं अर्धायुष्य म्हणतं ‘झटपट परततो’.

दुसरी गोष्ट म्हणजे अंदाजाची कक्षा. समजा तीस वर्षांच्या आकड्यांतून ρ ०.८६ मिळाला. ९५ टक्क्यांची नेहमीची कक्षा ०.६८ ते १.०४ होते. खालच्या टोकाला अर्धायुष्य पावणेदोन वर्षं, आणि वरच्या टोकाला ρ एकच्या पुढे जात असल्याने अनंत. नेहमीची कक्षा इथे काटेकोर नाही, पण मरे आणि पॅपेल यांनी २००२ साली नमुन्याच्या लहानपणाची दुरुस्ती करून १९७३ नंतरचे दर पुन्हा मोजले, तेव्हाही बऱ्याच चलनांची वरची मर्यादा अनंतच निघाली.

‘युनिट रूट नाकारता आला नाही’ याचा अर्थ रुपया भटका आहे असा नव्हे, आणि ‘क्रयशक्तीचा दर वीस’ याचा अर्थ डॉलर वीसवर येणार असाही नव्हे. दर परततो असं धरलं, तरी तो परततो तीनच्या आसपासच्या गुणोत्तराकडे. ते गाठायला त्याने रुपया वधारणं हाच मार्ग निवडला पाहिजे असंही नाही. २०११ ते २०१७ मध्ये रुपया घसरत असतानाच आपल्याकडच्या महागाईने त्याला जागेवर धरून ठेवलं होतं.