रिकामं उत्तर, नुसती स्पेस, एकच अक्षर: तपासणाऱ्या स्क्रिप्टने काय निकाल द्यायचा, याची पार्श्वभूमी

मॉडेलचं उत्तर तपासणाऱ्या स्क्रिप्टकडे कधीकधी काहीच येत नाही. रिकामी स्ट्रिंग येते, नाहीतर दोन स्पेस आणि एक न्यूलाइन, नाहीतर नुसता "." येतो. बहुतेक टीम त्याला शून्य देऊन पुढे जातात, पण हा प्रश्न इतका सोपा कधीच नव्हता. गेल्या काही वर्षांत तो तीनदा वेगवेगळ्या पद्धतीने सोडवला गेला आणि प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरातली भोकं पुढच्यांच्या गळ्यात पडली, म्हणून हा इतिहास माहीत असलेला बरा.

सुरुवात प्रोग्रॅमिंग स्पर्धांपासून करतो, कारण तिथे लोकांनी हे सगळ्यात आधी नीट हाताळलं. युट्रेक्ट विद्यापीठात २००४ च्या सुमारास सुरू झालेल्या डोमजज या सिस्टीममध्ये "NO-OUTPUT" हा वेगळा निकाल आहे, म्हणजे प्रोग्रॅम चालला, क्रॅश नाही झाला, वेळेत संपला, पण स्क्रीनवर काहीच छापलं नाही. सबमिशन चूकच धरलं जातं, पण टीमला कळतं की लॉजिक चुकलंय का प्रिंटच राहिलंय. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवाल्यांची टेस्टलिब ही उत्तर तपासणारे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी आहे, तिच्यात त्याहून एक मोलाची गोष्ट आहे. चूक स्पर्धकाची असेल तर निकाल _wa, म्हणजे चुकीचं उत्तर, किंवा _pe, म्हणजे चुकीची मांडणी, पण परीक्षकांच्या स्वतःच्या उत्तरफाईलमध्ये गडबड असेल तर _fail, आणि त्याचं खापर स्पर्धकावर फुटत नाही. कोणाची चूक आहे हे निकालातच दिसतं. भाषेच्या मॉडेलांच्या टेस्टिंगमध्ये नेमकी हीच गोष्ट मागे राहिली असं मला वाटतं.

आता स्क्वाड. स्टॅनफर्डने २०१६ मध्ये हा वाचन-आकलनाचा डेटासेट काढला, उतारा द्यायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर उताऱ्यातलाच तुकडा. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचंच, त्यामुळे रिकामं म्हणजे चूक, विषय संपला. १.१ व्हर्जनच्या स्क्रिप्टमध्ये एखाद्या प्रश्नाचं उत्तर फाईलमध्ये नसेल तर ती सांगायची की याला शून्य मिळेल, आणि तो प्रश्न एकूण संख्येत धरायची. एकदम स्वच्छ.

२०१८ मध्ये स्क्वाड २.० आलं आणि पन्नास हजारांवर असे प्रश्न घातले गेले ज्यांचं उत्तर उताऱ्यात नाहीच. तिथे बरोबर उत्तर म्हणजे रिकामी स्ट्रिंग. म्हणजे जे काल चूक होतं ते आज काही प्रश्नांपुरतं शंभर टक्के बरोबर झालं! चाचणीसाठी खुल्या ठेवलेल्या भागात, म्हणजे डेव्ह सेटमध्ये, ११,८७३ प्रश्न आहेत, त्यातले ५,९४५ अनुत्तरित. सगळीकडे "" लिहून दिलं तर स्कोअर येतो ५०.०७. हा आकडा वाईट नाहीये, तो बेसलाइन आहे, फक्त तो माहीत असायला हवा, नाहीतर ५२ आले म्हणून लोक खूश होतात. म्हणूनच स्क्रिप्ट उत्तर असलेले आणि नसलेले असे दोन वेगळे स्कोअर पण छापते, आणि नुसत्या रिकाम्या उत्तरांच्या मॉडेलचे ते ० आणि १०० येतात, लगेच कळतं.

पण २.० मध्ये एक गोष्ट मागे गेली. उत्तर फाईलमध्येच नसेल तर ही स्क्रिप्ट "Missing prediction" छापते आणि तो प्रश्न सोडून देते. एकूण स्कोअरचा भागाकार उरलेल्या प्रश्नांवर होतो. पूर्ण स्क्रिप्ट चालवली तर पुढे वेगळे स्कोअर काढताना तो आयडी सापडत नाही आणि ती KeyError देऊन बंद पडते, आणि बंद पडते हे चांगलंच आहे. अडचण तेव्हा होते जेव्हा कोणी फक्त स्कोअरिंगची फंक्शनं उचलून आपल्या कोडमध्ये टाकतं, मग क्रॅश नाही, ओरड नाही, आणि न दिलेली उत्तरं गायब होऊन स्कोअर वर जातो.

आणि ही फंक्शनं लोकांनी सगळीकडे उचलली, विशेषतः normalize_answer. ती चार कामं करते: सगळं लोअरकेस, विरामचिन्हं काढा, a, an, the काढा, जादा स्पेस काढा. उताऱ्यातल्या तुकड्यांसाठी हे अगदी योग्य होतं, "the Nile." आणि "Nile" एकच धरायला हवं. आता हेच फंक्शन बहुपर्यायी प्रश्नांना लावा.

```python
normalize_answer("A")    # ''
normalize_answer("(A)")  # ''
normalize_answer(".")    # ''
normalize_answer("B")    # 'b'
```

पर्याय A हा इंग्रजीतला आर्टिकल समजून काढून टाकला गेला. म्हणजे ज्या प्रश्नाचं बरोबर उत्तर A आहे, तिथे अपेक्षित उत्तरच रिकामं झालं, आणि मॉडेलने "" दिलं, "   " दिलं, "." दिलं, तरी एक्झॅक्ट मॅच १. समजा चारशे प्रश्न आहेत आणि A, B, C, D प्रत्येकी शंभर. काहीच न बोलणाऱ्या मॉडेलला २५ टक्के मिळतील, म्हणजे तुक्का मारणाऱ्याइतकेच, त्यामुळे कोणाला संशयही येणार नाही. एखाद्या खऱ्या मॉडेलची वीस-तीस उत्तरं टोकन लिमिटमुळे रिकामी आली असतील तर त्यातली A वाली फुकटात बरोबर.

हे ओळखायची एक छान खूण आहे. १.१ च्या स्क्रिप्टमधला एफ-वन सामाईक शब्द मोजतो, आणि सामाईक शब्द शून्य असतील तर सरळ ० देतो. अपेक्षित उत्तरच रिकामं झालं की शब्दच उरत नाहीत, त्यामुळे एक्झॅक्ट मॅच १ आणि एफ-वन ०. एरवी एफ-वन हा एक्झॅक्ट मॅचपेक्षा कमी येऊच शकत नाही, कारण पूर्ण जुळलं तर अर्धवट जुळलंच. तेव्हा रिपोर्टमध्ये एफ-वन खाली दिसला की नॉर्मलायझेशन कुठेतरी उत्तर खातंय हे पक्कं. २.० मध्ये दोन्ही रिकामे असतील तर एफ-वन पण १ देतात, अनुत्तरित प्रश्नांसाठी ते बरोबरच आहे, पण त्यामुळे ही खूण पुसली गेली. तिथे वेगळी तपासणी लागते: अपेक्षित उत्तर मुळात रिकामं नव्हतं आणि नॉर्मलाइझ केल्यावर रिकामं झालं, तर तो टेस्टलिबच्या भाषेत _fail, चूक मॉडेलची नाही, आपली.

तिसरा टप्पा २०२५ चा, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. आता तपासणारं पण भाषेचं मॉडेलच असतं. त्याला प्रश्न, अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर देतात, ते हो किंवा नाही म्हणतं, आणि रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये त्या "हो"वर मॉडेलला बक्षीस मिळतं. जुलै २०२५ मध्ये आलेल्या एका पेपरमध्ये दाखवलं की उत्तराच्या जागी नुसती स्पेस, "." किंवा ":" दिलं, किंवा "Thought process:" एवढंच लिहिलं, तरी बरेच जज मॉडेल अनेकदा "हो" म्हणतात. हे पेपरच्या लेखकांच्या लक्षात आलं ते ट्रेनिंग चालू असताना, शिकणाऱ्या मॉडेलची उत्तरं आखूड होत होत नुसती सुरुवातीची ओळ उरली होती आणि बक्षीस मात्र मिळत होतं. मोठं मॉडेल जज म्हणून घेतलं की प्रश्न सुटतो असंही नाही. लेखकांचा अंदाज असा की मोठी मॉडेलं कधीकधी प्रश्न स्वतःच सोडवतात आणि आपलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघतात, समोर आलेलं उत्तर बाजूलाच राहतं. त्यांनी उपाय म्हणून वीस हजार उदाहरणं बनवली ज्यात उत्तराचं फक्त पहिलं वाक्य ठेवलं होतं आणि लेबल "नाही", आणि त्यावर जजला परत शिकवलं.

तो उपाय चांगला आहे, पण स्पेस आणि "." साठी जजला विचारायचीच गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. तो निर्णय साध्या कोडने, जजच्या आधी व्हायला हवा.

आधी बघायचं की उत्तर आलंच नाही का रिकामं आलं. टाइमआउट, नेटवर्क एरर, फाईलमध्ये आयडीच नाही, हे "आलंच नाही". ते परत चालवायचं, आणि तरी नाही आलं तर शून्य देऊन एकूण संख्येत ठेवायचं, शिवाय रिपोर्टमध्ये आकडा वेगळा छापायचा. वगळायचं कधीच नाही. रिकामं आलं असेल तर त्या प्रश्नाला रिकामं चालतं का ते डेटासेट सांगतो, आपण ठरवायचं नाही. चालत असेल तर बरोबर, नसेल तर शून्य, आणि सोबत मॉडेल का थांबलं हे सांगणारं finish_reason नोंदवायचं. ते "length" असेल तर मॉडेलने सगळे टोकन विचार करण्यातच घालवले असण्याची शक्यता जास्त. "stop" असेल आणि टोकन एखाददुसरंच असेल तर आपणच "\n" वर थांबायला सांगितलंय का बघा, मॉडेलने पहिलंच अक्षर न्यूलाइन दिलं की उत्तर सुरू व्हायच्या आत संपतं. मार्क दोन्हीकडे शून्यच, पण दुरुस्ती वेगळी.

एका अक्षराला मात्र लांबीवरून नापास करायचं नाही. "पाच अक्षरांपेक्षा कमी म्हणजे फेल" असले नियम मी पाहिलेत, ते "7" आणि "B" ही अगदी बरोबर उत्तरं मारतात. निकष लांबीचा नको, आत एक तरी अक्षर किंवा आकडा आहे का हा हवा. नसेल तर जजकडे पाठवायचं नाही, अर्थात अपेक्षित उत्तरच "<" किंवा "+" असं चिन्ह असेल तर तो अपवाद, तिथे सरळ ताडून बघायचं. अक्षर किंवा आकडा असेल तर अपेक्षित उत्तराशी नेहमीसारखी तुलना.

मराठीसाठी यात एक जास्तीची काळजी आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने महास्क्वाड हा मराठी प्रश्नोत्तरांचा डेटासेट काढला तो स्क्वाड २.० वरूनच, तेव्हा अनुत्तरित प्रश्नांचा हा सगळा मामला आपल्याकडेही आलाच. स्क्वाडचं नॉर्मलायझेशन फक्त इंग्रजी कीबोर्डवरची विरामचिन्हं काढतं, त्यामुळे "।" तसाच राहतो आणि एकट्या दंडाचं उत्तर रिकामं धरलं जात नाही. आणि र्‍य, र्‍ह लिहायला जो अदृश्य जोडणारा कॅरेक्टर लागतो तो पायथॉनच्या दृष्टीने स्पेस नाहीच:

```python
"\u00a0".strip()  # ''
"\u200d".strip()  # '\u200d'
```

म्हणजे स्क्रीनवर कोरं दिसणारं उत्तर लांबी १ घेऊन strip() मधून पार होतं आणि थेट जजपर्यंत पोचतं. युनिकोड कॅटेगरी बघितली, L किंवा N ने सुरू होणारं एक तरी कॅरेक्टर आहे का एवढं विचारलं, की U+200D, U+200B, दंड आणि "." सगळे एकाच ठिकाणी अडतात, आणि "अ" किंवा "७" बिनदिक्कत पुढे जातात.