संपर्क-उसळी व तिचे निवारण

यांत्रिक पुश बटण दाबताना किंवा सोडताना त्यातील धातूचे संपर्क एकदाच जुळत वा सुटत नाहीत. अंतिम स्थितीत स्थिरावण्यापूर्वी ते काही मिलिसेकंद अनेकदा जुळतात आणि सुटतात. या घटनेला संपर्क-उसळी म्हणतात. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत ‘बाउन्स’ हाच शब्द चालतो. दिवा लावणाऱ्या बटणात तिचा उपद्रव जाणवत नाही. मायक्रोकंट्रोलर मात्र एका मिलिसेकंदात हजारो सूचना पार पाडतो, त्यामुळे त्याला एकच दाब अनेक दाबांसारखा दिसतो. उसळीचे परिणाम टाळण्याच्या उपायांना ‘डिबाउन्सिंग’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत बटणाबाहेर जोडलेला, रोधक व कॅपॅसिटर यांचा बनलेला आरसी गाळक आणि प्रोग्रॅममधील निवारण या दोन उपायांचा विचार केला आहे.

कारण : छापील पट्टीवरच्या साध्या बटणात (६ × ६ मिमी. आकाराचे ‘टॅक्ट स्विच’) पातळ पोलादी वा फॉस्फर ब्राँझची घुमटाकार चकती असते. ठरावीक बलानंतर ती एकदम आत वळते आणि खालच्या संपर्कावर आदळते. बोटाला जाणवणारा ‘टक्’ तो हाच. आदळणाऱ्या चकतीची गतिज ऊर्जा एका टकरीत संपत नाही. ती उलट फेकली जाते, स्प्रिंगबल तिला पुन्हा खाली आणते, आणि दर टकरीगणिक ऊर्जा घटत जाऊन अखेर संपर्क टिकतो.

हे टकरीचे स्पष्टीकरण बहुतेक पाठ्यपुस्तकांत एवढ्यावरच थांबते. त्यानुसार प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा ठरावीक प्रमाणात लहान असायला हवी. उदा., प्रत्येक टकरीत वेग निम्मा होत असेल, तर पहिल्या उसळीला लागलेल्या वेळाच्या दुपटीत सगळे शांत झाले पाहिजे. ऑसिलोस्कोपवर मात्र असा सुबक क्रम क्वचितच दिसतो. मध्येच लांब खंड पडतो, त्यानंतर सूक्ष्म तुटींचा झुपका येतो. शिवाय बटण सोडतानाही उसळी येते आणि तिथे तर कोणी कोणावर आदळत नाही. म्हणून काही अभियंते चकतीच्या स्वतःच्या कंपनांना महत्त्व देतात, तर काही पृष्ठभागाला. स्वीडिश संशोधक राग्नर होल्म (१८७९–१९७०) यांच्या कार्यातून हे प्रस्थापित झाले, की दोन धातू दिसायला सपाट टेकले तरी वीज केवळ काही सूक्ष्म बिंदूंतूनच वाहते. चकती घासत सरकताना हे बिंदू मोडतात आणि नवे जुळतात. वर ऑक्साइड वा सल्फाइडचा थर असल्यास तो मध्येच आड येतो. दाबतानाची उसळी मुख्यतः टकरीची आणि सोडतानाची मुख्यतः कंपन व सरकण्याची, ही विभागणी प्रत्यक्ष तरंगाकृतींशी अधिक जुळणारी वाटते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात या थराच्या प्रश्नाला स्थानिक महत्त्व आहे. चांदीचा मुलामा असलेले संपर्क हायड्रोजन सल्फाइडच्या संसर्गाने काळवंडतात. खाडीकाठच्या चिखलातून हा वायू निघतो आणि पावसाळ्यातील दमटपणा त्याच्या क्रियेस पोषक ठरतो. अशा हवेत उघड्या बांधणीच्या बटणाची उसळी कालांतराने वाढू शकते, म्हणून केवळ नव्या बटणावरचे मापन पुरेसे मानू नये.

कालावधी : अमेरिकन अभियंता जॅक गॅन्सल यांनी १८ बटणे प्रत्येकी ३०० वेळा दाबून केलेल्या मापनांचा उल्लेख या विषयात वारंवार येतो. त्यांत सरासरी उसळी सुमारे १.६ मिलिसेकंद आणि दोन अपवाद सोडता कमाल ६.२ मिलिसेकंद आढळली. त्यांपैकी एका अपवादात्मक बटणाने मात्र १५७ मिलिसेकंदांपर्यंत मजल मारली. पुढील गणितात ६.२ हा आकडा आधार म्हणून घेतला आहे. कोणत्याही बटणाची हमी म्हणून तो वापरता येणार नाही.

इतिहास : तारयंत्र व टेलिफोनच्या रिलेंमुळे ही घटना अभियंत्यांना संगणकांच्या बरीच आधी परिचित असावी. सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत ती पोहोचल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९७७ मध्ये आलेला टीआरएस-८० हा घरगुती संगणक. त्याच्या कळफलकावर एक अक्षर दाबले तर दोन उमटत, आणि उत्पादकाने त्यावर प्रोग्रॅमच्या रूपातच उपाय पुरवला. आरसी गाळकाच्या जोडीला लागणाऱ्या, संथ बदलणाऱ्या संकेताचा एकच स्पष्ट बदल करणाऱ्या श्मिट ट्रिगर मंडलाचा काळ कोठे १९३४, तर कोठे १९३८ दिला जातो. ऑटो श्मिट यांनी विद्यार्थिदशेत ते रचले ते पहिले वर्ष, आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध केले ते दुसरे. शोधाचे वर्ष म्हणून १९३४ घेणे योग्य.

आरसी गाळक : उदाहरणादाखल महापे वा वागळे इस्टेटमधील एखाद्या लघुउद्योगात पॅकिंग टेबलावर पेट्या मोजणारा काउंटर घेऊ. पेटी भरली की कामगार बटण दाबतो. आत ५ व्होल्टवर चालणारा एटीमेगा ३२८पी (आर्डुइनो उनोवरील मायक्रोकंट्रोलर) आहे. तक्रार अशी, की दिवसअखेर काउंटरचा आकडा प्रत्यक्ष पेट्यांपेक्षा जास्त भरतो.

प्रचलित जोडणीत बटणाचे एक टोक ग्राउंडला आणि दुसरे १० किलोओहमच्या पुल-अप रोधकामार्फत ५ व्होल्टला जोडतात. या दुसऱ्या टोकापासून आणखी १० किलोओहमचा रोधक इनपुट पिनकडे नेतात आणि पिन व ग्राउंड यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावतात. बटण दाबल्यावर कॅपॅसिटर दुसऱ्या रोधकातून रिकामा होतो, सोडल्यावर दोन्ही रोधकांतून भरतो. दुसरा रोधक गाळून कॅपॅसिटर थेट बटणाशी जोडण्याची पद्धत हौशी मंडलांत दिसते, पण ती टाळावी. प्रत्येक दाबाला कॅपॅसिटरचा सर्व भार संपर्कातून एकदम वाहतो. अशा बटणांची क्षमता बहुधा ५० मिलिअँपिअर असते आणि हा क्षणिक प्रवाह तिच्या कितीतरी पटींनी जास्त असल्याने संपर्काला खड्डे पडतात.

किमतींच्या निवडीत एक चूक सर्रास होते. या मायक्रोकंट्रोलरच्या माहितीपत्रकानुसार पिनवरील विद्युत् दाब १.५ व्होल्टच्या खाली गेला की ‘शून्य’ आणि ३ व्होल्टच्या वर असला की ‘एक’ वाचला जाण्याची हमी आहे. पुष्कळ जण १.५ व्होल्टपर्यंत घसरायला लागणारा वेळ काढतात. तो सुमारे १२ मिलिसेकंद येतो आणि उसळीच्या दुप्पट वाटून समाधान होते. पण ३ व्होल्टच्या खाली येताच ‘एक’ची हमी संपते. त्यानंतर केव्हाही पिन ‘शून्य’ वाचू शकते, म्हणून सुरक्षित वेळ मोजायचा तो ५ वरून ३ व्होल्टवर येईपर्यंतचा :

```
t = R2 × C × ln(5/3)
  = 10 kΩ × 1 µF × 0.51 ≈ 5.1 ms
```

हा वेळ ६.२ पेक्षा कमी आहे, म्हणजे उसळी चालू असतानाच निर्णय लागू शकतो. दुसरा रोधक १५ किलोओहम केला तर तो सुमारे ७.७ मिलिसेकंद होतो आणि ‘शून्य’ची हमी सुमारे १८ मिलिसेकंदांनी मिळते. सोडताना पूर्ण २५ किलोओहममधून भरणी होत असल्याने ‘एक’ निश्चित व्हायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. माणसाच्या बोटाला हा उशीर जाणवत नाही.

मधल्या पट्ट्यातून विद्युत् दाब संथपणे जात असताना पिन पुन्हापुन्हा पलटू नये यासाठी इनपुटवर श्मिट ट्रिगर असावा लागतो. एटीमेगाच्या पिनमध्ये तो अंगभूत आहे. तो नसलेल्या साध्या लॉजिक गेटला संथ कड दिल्यास गोंगाटामुळे एकाच उताराचे अनेक संकेत होतात आणि गाळक बसवूनही काउंटर चुकतो. अशा वेळी मध्ये श्मिट ट्रिगर असलेली ७४एचसी१४ ही चिप बसवतात. कॅपॅसिटरच्या छापील किमतीवरही फार विसंबू नये. स्वस्त वाय५व्ही प्रकारच्या सिरॅमिक कॅपॅसिटरमध्ये अधिक ८० ते उणे २० टक्के फरक ग्राह्य धरलेला असतो आणि तापमानाने तो आणखी बदलतो. एक्स७आर प्रकार यासाठी बरा.

प्रोग्रॅममधील निवारण : यात पिनचे मूल्य जसेच्या तसे मानले जात नाही. टायमरच्या साहाय्याने दर ५ मिलिसेकंदांनी ते वाचले जाते आणि लागोपाठ चार वाचने नवी स्थिती दाखवतील तेव्हाच ती स्वीकारली जाते :

```c
static uint8_t state = 1, n = 0;
uint8_t now = (PIND >> 2) & 1;
if (now == state) n = 0;
else if (++n >= 4) {
    state = now; n = 0;
    if (!state) count++;
}
```

मध्ये एक जरी वाचन जुन्या स्थितीचे आले तरी मोजणी शून्यापासून सुरू होते. त्यामुळे उसळी कितीही वेडीवाकडी असली तरी संपर्क स्थिरावल्यावर १५ ते २० मिलिसेकंदांत एकदाच नोंद होते. सोडण्याचीही अशीच छाननी होते. हा भाग वगळलेले प्रोग्रॅम दाबताना बरोबर मोजतात आणि सोडताना एखादा आकडा वाढवतात. बोट उचलताना काउंटर हलत असेल तर दोष इथे आहे हे ओळखावे.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दोन सोपे मार्ग आढळतात. पहिल्यात दाब दिसताच ५० मिलिसेकंद थांबून राहतात. त्या काळात डिस्प्ले, सेन्सर, सर्व कामे अडतात. दुसऱ्यात बटण थेट इंटरप्टला, म्हणजे चालू काम थांबवून लगेच दखल घ्यायला लावणाऱ्या संकेताला जोडतात. मग प्रत्येक उसळी वेगळा इंटरप्ट ठरते आणि जे टाळायचे तेच अधिक विश्वासूपणे मोजले जाते. मायक्रोकंट्रोलरला झोपेतून उठवण्यापुरता इंटरप्ट वापरावा, निर्णय मात्र टायमरकडे द्यावा.

तुलना : उसळीपुरते पाहिल्यास प्रोग्रॅममधील उपाय सरस ठरतो. बटणे एकावरून आठवर गेली तरी सुटे भाग वाढत नाहीत, आणि जुन्या बटणाची उसळी वाढली तर चारऐवजी आठ वाचने मागणे पुरेसे होते. गाळकात त्यासाठी डाग काढून भाग बदलावा लागतो.

वरील काउंटरचे बटण टेबलावर, मायक्रोकंट्रोलरपासून तीन-चार मीटर दूर असेल आणि त्याची वायर मोटरच्या कॉन्टॅक्टरशेजारून जात असेल, तर चित्र बदलते. कॉन्टॅक्टरची कॉइल बंद होताना वायरीत तीव्र, अतिसूक्ष्म कालावधीचे स्पंद शिरतात. दर ५ मिलिसेकंदांच्या वाचनात असे चार स्पंद ओळीने सापडणे दुर्मिळ, त्यामुळे मोजणी बहुधा बिघडणार नाही. पण पिन इजा पावू शकते, आणि तिला प्रोग्रॅम वाचवू शकत नाही. तिथे पिनपाशी १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एवढा लहान गाळक बसवावा. त्याचा कालस्थिरांक ०.१ मिलिसेकंद असल्याने तो उसळी झाकत नाही. तेवढे काम प्रोग्रॅमकडेच राहते.

दोष उसळीचा की गोंगाटाचा हे ऑसिलोस्कोपवर लवकर कळते. उतरत्या कडेवर एकदाच टिपण्याची रचना करून प्रतिविभाग १ मिलिसेकंद ठेवावे. उसळीच्या तुटी दाबाच्या आरंभी आणि पूर्ण ० ते ५ व्होल्टच्या असतात. बटणाला हात न लावताही स्पंद दिसले तर वायर तपासावी. ऑसिलोस्कोप नसल्यास कॉन्टॅक्टर बंद ठेवून बटण शंभर वेळा दाबावे. आकडा तरीही जास्त आला तर उसळी.

अन्य उपाय : दोन बाजूंचे संपर्क असलेले बटण आणि दोन नॅंड गेटांचे लॅच वापरल्यास कोणताही कालावधी गृहीत धरावा लागत नाही, कारण चकती एका बाजूवर उसळत असताना दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही. तीन वायरी लागत असल्याने ही पद्धत आता क्वचित वापरली जाते. पाऱ्याने ओले ठेवलेल्या संपर्कांच्या रिलेंत उसळी जवळजवळ नसते.